खालचा एक मीटर

ऑफिसात तिला सगळे 'ज्यादा बाई' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण ते नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट एकदा नव्या माणसानं जीभ घसरून "ज्यादा बाई, जरा हे बघता का?" असं म्हटलं, तेव्हा सगळं ऑफिस श्वास रोखून बसलं आणि ती मान वरही न करता म्हणाली, "ठेव तिथे. बघते. एकदा जास्तच बघते."

रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते ऑफिस होतं. जिन्यात कायम टर्पेंटाइनचा वास. खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर दोन पट्ट्या, दोन चष्मे, आणि खणात तिसरा. खड्डा खणायचा असला की भोवतालची जमीन आत ढासळू नये म्हणून आधी एक भिंत जमिनीत उतरवतात. ती भिंत किती खोल उतरवायची हे ठरवणं हा तिचा रोजचा उद्योग. पायाखालची वाळू सरकणं हा तिच्यासाठी वाक्प्रचार नव्हता, धंदा होता.

हे सगळं आपल्याला सांगता येतं ते तिच्या धाकट्या भावामुळे. तिला इतक्या जवळून पाहिलेला तोच एक. तो तिला ताई म्हणे, आणि ती त्याला छोट्या. तो चांगला बाप्या माणूस झाला तरी, कारकुनांच्या, मजुरांच्या आणि स्वतःच्या बायकोच्या देखतही, छोट्याच.

आई गेली तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता, आणि वडील त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. ताई तेव्हा कॉलेजात. तिनं शिक्षण सोडलं नाही आणि भावालाही सोडलं नाही, दोन्ही कसं जमवलं हे तिला विचारलं तर ती म्हणे, "जमवलं म्हणजे काय, लवकर उठले." लग्नाचं पुढे ढकलता ढकलता राहून गेलं. त्याचं तिनं कधी भांडवल केलं नाही.

पण आपल्याला सांगायचंय ते तिच्या ज्यादा वागण्याबद्दल. दोन माणसांच्या घरात ती तिघांचा स्वयंपाक करायची. तिसरा कोण, तर भूक. "भूक सांगून येते का?" छोट्याच्या शाळेच्या बुटांची जोडी एक नंबर मोठी, पुढे कागदाचा बोळा. परीक्षेला तीन पेनं. गाडी दहाची असली की ही नऊला फलाटावर, आणि शेजारी पेंगणारा छोट्या. त्या पोरानं लहानपणीच एक गणित पक्कं केलं होतं: ताई जो आकडा सांगेल त्यात थोडी हवा असते. आठला घरी ये म्हणाली की साडेआठ चालतात. दोन स्वेटर घाल म्हणाली की एकात भागतं. आणि खरंच भागत असे. गाडी कधी चुकली नाही, थंडी कधी बाधली नाही. ताईच्या ज्यादातलं थोडंसं खाऊनच तो वाढला, आणि त्याला ते कधी चोरी वाटलं नाही. ते आपलंच, आपल्यासाठीच ठेवलेलं, असं वाटे.

पुढे तोही बांधकामातच शिरला. ताईसारखं टेबलावर बसायला त्याला जमेना. त्याला माणसं, मशीनं, आरडाओरडा लागे. एका ठेकेदाराकडे तो साइटचा प्रमुख झाला. आणि एका कामात बहीणभाऊ समोरासमोर आले. आराखडा तिचा, काम त्याचं.

काम होतं जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं. दुतर्फा घरांच्या एका गल्लीला लागून मोकळा प्लॉट, त्यात चार मीटर खोल खड्डा. जमीन म्हणजे नुसती वाळू, कोरडी ठणठणीत. पाण्याचा पत्ता खूप खाली. मुठीत घेतली तर बोटांतून पळून जाणारी. गल्लीच्या बाजूला शीटपाइलची भिंत घालायची होती. शीटपाइल म्हणजे पन्हळीसारख्या घडीच्या पोलादी पट्ट्या. एकीची कड दुसरीच्या खोबणीत अडकवत मशीननं थरथरवून खाली उतरवायच्या. मग भिंतीच्या एका बाजूची वाळू खणून काढायची. दुसऱ्या बाजूला गल्ली तशीच उभी. या भिंतीला समोरून टेकू नव्हता आणि मागून बांधलेली तार नव्हती. जेवढी जमिनीत गाडलेली, तेवढ्याच्या जोरावर ती उभी राहायची.

ताईनं आराखडा पाठवला, आणि सोबत तिच्या सवयीप्रमाणे पूर्ण हिशोब. नुसता आकडा देणं तिला पटत नसे. "आकडा म्हणजे हुकूम झाला. माणसाला कारण कळलं की तो नीट वागतो," असं ती म्हणे. हिशोबाच्या शेवटी तीन ओळी होत्या. खड्ड्याची उंची चार मीटर. हिशोबानं गाडायची खोली पाच मीटर. अधिक वीस टक्के, एक मीटर. एकूण शीट दहा मीटरची.

छोट्यानं त्या ओळी पत्र्याच्या साइट ऑफिसात उभ्याउभ्या वाचल्या आणि त्याला हसू आलं. अधिक वीस टक्के! त्याला बुटातला कागदाचा बोळा आठवला.

आता अडचण अशी की ठेकेदाराच्या यार्डात शीट होत्या त्या नऊ मीटरच्या. मागच्या कामाहून आलेल्या, सरळ, चांगल्या. दहाच्या दुसऱ्या गावाहून मागवाव्या लागणार होत्या, आणि ठोकायचं मशीन तर येऊन उभं राहिलेलं. ताईला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. पण उत्तर काय येणार हे माहीत असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. ती नाहीच म्हणणार. तिचा हिशोबच सांगतोय की पाच लागतात. पाच तर आपण देतोय. वरचं ते ताईचं ताईपण. त्यानं नऊच्या शीट आणवल्या.

भिंत उतरली. माथे एका ओळीत, दोरी लावल्यासारखे. जमिनीखाली कुणाचं टोक कुठे आहे हे वरून बघणाऱ्याला कसं कळणार? खड्डा चार मीटरपर्यंत गेला आणि भिंत ताठ उभी राहिली. ताई एकदा येऊन बघून गेली. माथ्यावरून हात फिरवत म्हणाली, "छान बसवल्यास रे." त्याला क्षणभर सांगून टाकावंसं वाटलं, पण भिंत तर उभी होती, डोळ्यांसमोर. दोनचार दिवसांनी ते वाटणंही विरलं. खरं सांगायचं तर त्याला जरा फुशारकीच वाटू लागली होती. कधीतरी, टाकी भरून झाल्यावर, जेवताना ताईला गमतीनं सांगू, असं त्यानं ठरवलंही होतं.

मग टाकीच्या तळाखाली खडीचा थर घालायचं निघालं. भिंतीच्या कडेनं अर्धा मीटर आणखी खणावं लागणार होतं. आराखड्यात स्पष्ट होतं: चार मीटरच्या खाली, आधी विचारल्याशिवाय, खणू नये. छोट्यानं विचार केला की खणू, खडी टाकू, दाबू. दोन दिवसांचं तर काम. खोदायच्या मशीनवर एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना त्यानं हात करून सांगितलं, आणि काकांनी भिंतीच्या पायथ्याची वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत उपसून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतला शिंपी आला. त्याचं दुकान भिंतीच्या अगदी पाठीशी. गळ्यात टेप, कानावर खडू. "साहेब, माझं दार घासायला लागलंय," तो म्हणाला. "कालपर्यंत लोण्यासारखं उघडत होतं."

छोट्या जाऊन बघून आला. दुकानाच्या उंबऱ्यापुढे फरशीत केसाएवढी फट, भिंतीला समांतर, पार पुढच्या घरापर्यंत गेलेली. भिंतीच्या माथ्यापाशी उभं राहून त्यानं ओळंबा सोडला. माथा खड्ड्याकडे झुकला होता. थोडा नाही, चांगला चार बोटं.

त्यानं मजुरांना वर बोलावलं आणि ताईला फोन लावला. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, की फोन त्यानं लगेच लावला. पण फोनवर सांगितलं काय? भिंत झुकलीय, अर्धा मीटर जास्त खणलंय, जरा येऊन बघ. शीटच्या लांबीबद्दल अवाक्षर नाही. त्याला तिच्या तोंडून 'फार काही नाही' एवढंच ऐकायचं होतं. ताईनं तसं म्हटलं की सगळं ठीक असतं, हा त्याचा लहानपणापासूनचा अनुभव.

ताई रिक्षातून उतरली ती हेल्मेट घालूनच. आधी गल्लीत गेली. फरशीवर टाच आपटत चालली आणि कान देऊन ऐकत राहिली. शिंप्याच्या दारापुढे आवाज बदलला.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "भिंत पुढे सरकली, तिच्यामागे वाळू खाली बसली. फरशी तेवढी अधांतरी राहिलीय. दादा, तुम्ही दुकान बंद करा. आणि या रांगेतल्या सगळ्यांना पलीकडे न्या. भांडीकुंडी राहू द्या, माणसं न्या."

शिंप्यानं मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड काखोटीला मारलं आणि तो दारोदार हाका मारत सुटला.

मग ती खड्ड्याच्या काठाशी आली. डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिली, आणि ओठ हलत होते. ती काय म्हणतेय हे छोट्याला ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. उंची साडेचार. गाडलेली साडेपाच. अर्धा मीटर खणला की तो दोनदा मोजावा लागतो. उंची तेवढी वाढते आणि खोली तेवढी घटते.

"साडेपाच आहे अजून खाली," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "पाचात सुद्धा जेमतेम तग धरायला हवी. मग इतकी का झुकली? काहीतरी चुकतंय. नाहीतर तुझ्या काकांनी अर्ध्यापेक्षा जास्त खणलंय. पायथा बघायला हवा."

"मी बघतो ना," छोट्या म्हणाला.

"तू काय बघणार? समोरची वाळू फुगलीय का, ते बघायचंय मला. भिंत पडायची नाही. माझा भरवसा आहे तिच्यावर."

आणि ती शिडीवरून उतरू लागली.

इथे गोष्ट जरा थांबवतो, कारण छोट्याही इथेच थांबला होता. त्याला सगळं कळत होतं. तिचा भरवसा ज्या भिंतीवर होता ती भिंत तिथे नव्हतीच. तिच्या डोक्यात दहा मीटरची शीट होती आणि जमिनीत नऊची. त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आत्ता सांगितलं तर काकांसमोर, मजुरांसमोर, सगळं बाहेर. ती एवढं बघेल आणि वर येईल. दोन मिनिटांचा प्रश्न. मग सांगू, घरी सांगू. तिच्या हेल्मेटचा पिवळा घुमट एकेका पायरीनं खाली जात होता. ती अर्ध्यावर पोचली. त्याला वाटलं, आता सांगावं. ती तळाला पोचली. भिंतीजवळ गेली, तळवा पोलादावर ठेवला, आणि खिशातून टेप काढून पायथ्याशी वाकली.

भिंतीतून एक आवाज आला. मोठा नाही; दोन शीटच्या खोबणी एकमेकींवर घासल्या की येतो तसा, दात खाल्ल्यासारखा. आणि एका खोबणीतून वाळूची बारीक धार सुटली, ताईच्या खांद्यावर.

"ताई!" तो ओरडला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "ताई, वर ये! नऊच मीटर आहे! नऊच्या शीट आहेत, वर ये!"

ती सरळ उभी राहिली. तिनं वर त्याच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. नऊ वजा साडेचार. राहिले साडेचार. हवे होते किमान पाच. एवढं गणित करायला तिला किती वेळ लागणार? मग ती वळली आणि शिडीकडे आली. धावली नाही, कुठे टेकली नाही, शिडी भिंतीपासून लांब होती तेवढंच नशीब. वर आली तेव्हा तिच्या खांद्यावर वाळूचा लहानसा ढीग तसाच होता.

"सगळ्याच?" तिनं विचारलं.

"सगळ्याच."

ती काकांकडे वळली. "काका, मशीन खड्ड्यात उतरायच्या उतारावरच ठेवा, भिंतीपासून लांब. ती पडली तरी तुमच्यापर्यंत पोचायला नको. मशीनचा हात लांब करून वाळू पायथ्याशी टाकायची. आधी मधल्या भागात, मग दोन्हीकडे. उपसलेली सगळी परत टाका, आणि थांबू नका मी सांगेपर्यंत."

काकांनी बादलीमागून बादली टाकली. ताई ओळंब्यापाशी बसली, एक हात दोरीजवळ, पण दोरीला लागू न देता. प्रत्येक बादलीनंतर बघायची. आधी ओळंबा आणखी थोडा सरकला. मग त्याहून कमी सरकला. खोबणीतली धार बारीक झाली. पायथ्याशी वाळू कमरेएवढी चढली, छातीएवढी चढली, आणि केव्हातरी ओळंबा हलायचा थांबला. तरी ताईनं मशीन थांबवू दिलं नाही. खड्डा निम्मा भरला तेव्हा ती उठली आणि गुडघे झटकले.

गल्ली उभी राहिली. शिंप्याचं दार तेवढं कायमचं वाकडं झालं.

संध्याकाळी दोघं साइट ऑफिसात बसली होती. मजूर गेले होते. ताईनं डबा उघडला. डब्यात नेहमीप्रमाणे दोघांना पुरून उरेल एवढं होतं. तिनं त्याला वाढलं. तो भात नुसता चिवडत बसला.

"मला वाटलं, ते वीस टक्के म्हणजे तुझं नेहमीचं," तो म्हणाला. "जास्तीचं. सुरक्षिततेसाठी."

"सुरक्षितता दुसरीकडे ठेवली होती," ती म्हणाली. तिचा आवाज शिकवतानाचा होता, आणि त्याला तेच जास्त लागलं. "समोरच्या वाळूचा जोर मी आधीच दीडानं भागून धरला होता. ती होती तुझ्या चुकांसाठी. हा अर्धा मीटर जो तू खणलास ना, तो तिनं पोटात घातला असता. दहाची शीट असती तर भिंत थोडी झुकली असती आणि राहिली असती."

तिनं चमचा उचलला आणि डब्यातल्या भातात उभा खोचला. वरच्या टोकाला बोटानं ढकललं. "हे बघ. वरचं टोक पुढे जातं, तेव्हा खालचं टोक कुठे जातं?"

"मागे."

"मागे. शीट मधे कुठेतरी फिरते. त्याच्या वर समोरची वाळू तिला धरते, आणि त्याच्या खाली, अगदी टोकाशी, मागची वाळू धरते. दोन्हीकडून धरलं तरच ती उभी. हिशोब सोपा व्हावा म्हणून खालची ती सगळी पकड मी एका ठिपक्यात आहे असं मानते. पाच मीटर म्हणजे त्या ठिपक्यापर्यंतची खोली. पण ठिपका कागदावर असतो रे. वाळूला पकडायला लांबी लागते. तो एक मीटर म्हणजे ती लांबी. तो ज्यादा नव्हता, छोट्या. तो पायच होता."

चमचा भातात तिरका राहिला होता. तिनं तो काढला नाही.

"मग पडली कशी नाही?" त्यानं विचारलं.

"वाळू मी धरली होती त्याहून थोडी बरी निघाली असेल. एवढंच. त्यात तुझं काही नाही आणि माझंही नाही."

मग ती म्हणाली, "मी ते दोन आकडे वेगळे लिहायला नको होते. पाच आणि एक. तुझ्यासारखा वाचणारा असेल हे मला सुचायला हवं होतं. तू माझ्या हाताखाली वाढलास."

"ताई, माझी चूक आहे."

"आहेच. ते मी नाही म्हणतच नाहीये."

तिनं डब्याचं झाकण लावलं. उठता उठता, पाठमोरी असताना, म्हणाली, "मी शिडीला हात लावला तेव्हाच सांगायचंस."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. भांडली असती, रडली असती, चार दिवस अबोला धरला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं यातलं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टाकीच्या मालकांना सगळं कळवलं: शीट नऊच्या आहेत, परवानगीशिवाय आहेत, खोदाईही परवानगीशिवाय आहे, आणि आराखड्यात दोन आकडे वेगळे दाखवल्यानं गैरसमज झाला ती जबाबदारी माझी. भावाला पाठीशी घातलं नाही, स्वतःलाही नाही. भिंतीला पोलादी टेकू लागले, काम पुढे कुणीतरी पुरं केलं. छोट्याला घरी बसावं लागलं. घरी बसला तेव्हा ती रोज संध्याकाळी येई, आणि डबा आणी. तिघांना पुरेल एवढा. त्याची बायको म्हणे, "ताई, कशाला एवढं?" आणि ती म्हणे, "भूक सांगून येते का?"

छोट्या रात्री पडल्या पडल्या तीच शिडी बघत असे. ती अर्ध्यावर होती तेव्हा मी का नाही ओरडलो? स्वतःला तो हजार कारणं देई, आणि सगळी खोटी ठरत. त्याला खरं कारण माहीत होतं. तेव्हाही त्याला वाटलं होतं की ताईच्या हिशोबात थोडी हवा असेलच. तिच्या जिवापुरतीसुद्धा ती कुठेतरी शिल्लक असेल, आणि तो ती खाऊ शकेल.

यथावकाश त्याला दुसरीकडे काम मिळालं, खालच्या जागेवर, आणि मग पुन्हा वरच्या. आणि एकदा पुन्हा ताईच्या ऑफिसचा आराखडा त्याच्या टेबलावर आला. पुन्हा वाळू, पुन्हा तशीच टेकूवाचूनची भिंत. त्यानं शेवटचं पान उघडलं. तिथे एकच ओळ होती: शीटची लांबी अमुक मीटर, याहून कमी चालणार नाही. मागे हिशोब नव्हता. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाला कारणाशिवाय आकडा दिला नव्हता, तिनं हुकूम सोडला होता. ते पान त्यानं बराच वेळ हातात धरून ठेवलं.

शीट आल्या त्या दिवशी त्यानं तिला फोन केला. "ताई, लांबी बरोबर आहे. मी स्वतः बघितलंय."

"बरं," ती म्हणाली. "येते मी."

"अगं, कशाला धावपळ करतेस? सांगतोय ना मी."

"येते," ती म्हणाली.

ती आली. तेव्हा ती निवृत्तीला आली होती आणि गुडघे दुखत. शीटच्या थप्पीपाशी उभी राहून तिनं पिशवीतून टेप काढला. त्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक तिनं कधी शाळेत जाऊन पडताळलं नव्हतं. तो अभ्यास झाला म्हणाला की तो झाला असे. जेवलो म्हणाला की जेवला असे. तिच्याकडे सगळ्या गोष्टी जास्तीच्या होत्या, आणि त्यात सगळ्यांत जास्तीचा होता त्याच्यावरचा विश्वास. तोही त्याला तसाच, मोजमाप न करता, मिळालेला होता.

तिनं टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं. नजरेला नजर दिली नाही, पण रागही नव्हता चेहऱ्यावर. "धर," ती म्हणाली.

तो टोक घेऊन थप्पीच्या पलीकडच्या बाजूला गेला. काठावर वाकून त्यानं ते पहिल्या शीटच्या तोंडाशी घट्ट दाबून धरलं, जराही सैल पडू नये म्हणून दोन्ही हातांनी. पलीकडून तिनं टेप ताणला, चष्मा बदलला, आकडा वाचला.

"दुसरी," ती म्हणाली.

तो दुसरीकडे सरकला. थप्पी मोठी होती. त्यानं एकदाही म्हटलं नाही की पुरे आता.